एसएसआरवरचा हीटर : विंडो किती सेकंदांची ठेवावी?

सुकवणी

देवगडजवळ आमचे आंबापोळीचे लहानसे घरगुती काम आहे. पाऊस लवकर आला की ताटे उन्हात घालता येत नाहीत, म्हणून एक सुकवणी कपाट बनवून घेतले आहे. त्यात प्रत्येकी १००० वॉटचे दोन फिनवाले हीटर समांतर जोडले असून पंखा सतत चालू असतो. हीटर ४० अँपिअरच्या झिरो-क्रॉस एसएसआरवरून, म्हणजे सॉलिड स्टेट रिलेवरून, चालतात. तापमान डीएस१८बी२० सेन्सरने मोजले जाते आणि आर्डुइनो ऊनोवर पीआयडीचा प्रोग्राम चालतो, तो तापमान पाहून हीटर किती टक्के वेळ चालू ठेवायचा ते ठरवतो. त्याची विंडो ५ सेकंदांची आहे, म्हणजे पीआयडीने ४० टक्के मागितले तर हीटर २ सेकंद चालू आणि ३ सेकंद बंद राहतो.

अडचणी दोन आहेत. ५५ अंश लावले असता तापमान ५२ ते ५९ असे झुलत राहते, आणि पोळीच्या कडा कडक होऊन मधला भाग ओला राहतो. दुसरे म्हणजे हीटर लागताना दर वेळी घरातले दिवे मंदावतात, त्यामुळे संध्याकाळी घरात बसणे नकोसे होते. मेहुणे म्हणतात विंडो १ सेकंद करा, तर ज्यांच्याकडून एसएसआर घेतला ते म्हणतात २० सेकंद करा. दोघांनाही कारण विचारले, पण ते कोणाला सांगता आले नाही. योग्य आकडा कोणता, आणि तो कशावरून ठरवायचा?

टकाटक

विंडोचा खटाटोप हवाच कशाला? `analogWrite` वापरा. शून्य ते २५५ अशा पायऱ्या मिळतात, प्रोग्रामही तीन ओळींनी कमी होतो. माझे मेण वितळवण्याचे भांडे असेच चालते आणि त्याने आजवर तक्रार केलेली नाही.

शून्यछेद

टकाटक, तुमचे भांडे चालते यात मला शंका नाही, पण ते ज्या कारणाने चालते असे तुम्हाला वाटते त्या कारणाने चालत नाही. झिरो-क्रॉस एसएसआर फक्त व्होल्टेज शून्याजवळून जात असताना आपली इनपुट पाहतो. त्या क्षणी इनपुट चालू असेल तर पुढचे संपूर्ण अर्धे चक्र हीटरला मिळते, नसेल तर मिळत नाही. आपल्याकडे ५० हर्ट्‌झ असल्यामुळे असा क्षण दर १० मिलिसेकंदांनी येतो. ऊनोच्या बहुतेक पिनांवर `analogWrite` साधारण ४९० हर्ट्‌झने चालते, म्हणजे दोन शून्यांच्या मध्ये जवळजवळ पाच स्पंद येऊन जातात आणि एसएसआर त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. शून्याच्या क्षणी स्पंद नेमका चालू भागात सापडतो की बंद भागात, यावर सारे ठरते. हे नाते साधारण दहा अर्ध्या चक्रांनी पुन्हा तसेच येते, म्हणून तुम्हाला २५६ पायऱ्या दिसत असल्या तरी हीटरला त्या घडीला दहाच्या आसपासच मिळतात. शिवाय वीजपुरवठ्याची वारंवारता थोडी जरी हलली तरी तो सगळा नमुना सावकाश सरकत राहतो. मेणाचे भांडे जड असल्याने दीर्घ सरासरी त्याला पुरते, इतकेच.

सुकवणी, तुमच्या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी मला दोन गोष्टी हव्या आहेत. तापमान ५९ वरून खाली येऊन पुन्हा ५९ वर जाण्यास किती वेळ लागतो? आणि कपाट थंड असताना हीटर पूर्ण चालू ठेवला तर मिनिटाला किती अंश चढतात?

आजोबा_नागाव

आमच्या गिझरला असले काही लागत नाही. थर्मोस्टॅट ठेवला की झाले. पाणी तापले की टक्‌ आवाज होतो आणि दिवा विझतो. फार डोके चालवले की यंत्रे बिघडतात.

कोडकरी

आजोबा, गिझरमधल्या पाण्याला चार अंश इकडेतिकडे झाल्याचे कळत नाही, पोळीच्या कडेला मात्र ते कळते.

सुकवणी, प्रोग्राममध्ये `SetOutputLimits(0, 5000)` आहे ना, एवढे तपासून पाहा. ती ओळ नसेल तर आर्डुइनोच्या पीआयडी लायब्ररीचे आउटपुट २५५ च्या पुढे जात नाही. मग ५००० मिलिसेकंदांच्या विंडोत हीटर जास्तीत जास्त २५५ मिलिसेकंद लागतो, आणि लोक कित्येक दिवस हीटरलाच दोष देत बसतात.

सुकवणी

ती ओळ आहे, आणि कपाट वेळेत गरम होते.

शून्यछेद काका, आपण विचारलेले आकडे असे. एक झोका सुमारे ८ मिनिटांचा आहे. ताटे भरून, थंड अवस्थेतून, पूर्ण शक्तीवर मिनिटाला ३ अंश चढतात. ५५ च्या आसपास झुलत असताना पीआयडीच्या आउटपुटची सरासरी ३५ टक्के दिसते. सेन्सर परतीच्या हवेत आहे, म्हणजे हवा सगळ्या ताटांवरून जाऊन बाहेर पडते त्या तोंडाशी. पोळीला खरे कोणते तापमान लागते ते तिथे कळेल असे आम्हाला वाटले.

शून्यछेद

मग पहिल्या तक्रारीपुरती विंडो निर्दोष आहे. झोका ८ मिनिटांचा आणि विंडो ५ सेकंदांची, म्हणजे एका झोक्यात जवळजवळ शंभर विंडो बसतात. विंडोमुळे होणारी हालचाल विंडोच्याच तालावर असते, ती आठ मिनिटांचा ताल धरू शकत नाही. कोणताही आकडा बदलण्याआधी प्रत्येकाने हे एक मोजमाप करावे.

विंडोमुळे किती हालचाल होऊ शकते तेही काढून पाहू. पूर्ण शक्तीवर मिनिटाला ३ अंश म्हणजे सेकंदाला ०.०५ अंश. या वेगाला विंडोच्या सेकंदांनी गुणायचे, मग चालू भागाच्या प्रमाणाने आणि बंद भागाच्या प्रमाणाने गुणायचे. ०.०५ × ५ × ०.३५ × ०.६५ म्हणजे ०.०५७ अंश. तुमच्या सेन्सरची सर्वांत लहान पायरीच ०.०६२५ अंशांची आहे, त्यामुळे ही लहर त्याला नीट दिसणारही नाही. दुकानदारांच्या २० सेकंदांनी ती पाव अंशाच्या आत राहील आणि मेहुण्यांच्या १ सेकंदाने शंभराव्या भागात जाईल. तुमचे ७ अंश यांपैकी कशानेही कमी होणार नाहीत.

माझा संशय सेन्सरच्या जागेवर आहे. पीआयडी बंद करून आउटपुट ३५ टक्क्यांवर स्थिर ठेवा, तापमान बसू द्या, मग एकदम ५० टक्के करा आणि सेन्सर हलायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहा.

भट्टीवाला

कोल्हापूरकडे आमची उष्णोपचाराची भट्टी आहे. ती एसएसआरवर नाही, कॉन्टॅक्टरवर आहे, आणि तिथे हा प्रश्न अगदी वेगळा होतो, म्हणून लिहितो. कॉन्टॅक्टरचे संपर्क प्रत्येक वेळी थोडे जळतात. विंडो ३० सेकंदांची ठेवली तर दिवसाला २८८० वेळा उघडझाप होते, २ सेकंदांची ठेवली तर ४३,२०० वेळा. पॅनेलमधला छोटा रिले पूर्ण भारावर साधारण एक लाख वेळा चालेल असे धरले, तर २ सेकंदांच्या विंडोवर तो तिसऱ्या दिवशी संपेल. त्यामुळे आमच्याकडे ३० च्या खाली कोणी जात नाही. दुकानदारांनी २० सांगितले ते याच सवयीतून आले असावे. एसएसआरमध्ये झिजणारा संपर्क नसतो, त्यामुळे ती सवय तुम्ही पाळण्याचे कारण नाही.

तयार नियंत्रक घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. REX-C100 या नावाने जे स्वस्त नियंत्रक मिळतात त्यांपैकी बऱ्याच जणांच्या पोटात रिले असतो. त्या टोकांतून एसएसआरला लागणारे डीसी व्होल्टेज बाहेर येत नाही, आणि माणूस एसएसआर खराब आहे म्हणून परत करायला जातो.

टकाटक

शून्यछेद, मान्य. पण मग विंडो १०० मिलिसेकंदांची करावी. दिवे मंदावलेले डोळ्यांना दिसणारच नाहीत, आणि लहर तर शून्यच.

नेकारकाठची

टकाटक, इथेच थांबा, कारण दिव्यांच्या बाबतीत हे उलटे होते. मी श्टुटगार्टला वीजगुणवत्तेच्या चाचण्यांचे काम करते. डोळ्याला सर्वांत जास्त त्रास सेकंदाला ८ ते ९ वेळा होणाऱ्या चढउताराचा होतो. १०० मिलिसेकंदांची विंडो म्हणजे सेकंदाला १० वेळा, त्या शिखराच्या अगदी शेजारी. शिवाय १०० मिलिसेकंदांत अर्धी चक्रे दहाच बसतात, म्हणून शक्तीची पायरी १० टक्क्यांची होते. ज्यांना ३५ टक्के हवेत त्यांना एकदा ३० आणि एकदा ४० मिळतील.

दिव्यांसाठी चढउताराची वारंवारता आणि त्याचे आकारमान, दोन्ही एकत्र पाहावे लागते. हळू चढउतार असेल तर डोळा अधिक मोठा फरक सहन करतो. म्हणून निव्वळ दिव्यांचा विचार केला तर विंडो लांब केलेली बरी, आणि तापमानाचा विचार केला तर आखूड. सुकवणी, हीटर चालू आणि बंद असताना घरातले व्होल्टेज मोजून सांगाल का? आकारमान कळल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही.

आजोबा_नागाव

मंदावणारे दिवे म्हणजे तुमचा न्यूट्रल ढिला आहे. आमच्याकडे १९८७ साली असेच झाले होते.

शून्यछेद

आजोबा, ती शक्यता खरी आहे आणि ती आधी तपासायला हवी. ढिल्या न्यूट्रलची खूण अशी, की हीटर लागल्यावर काही दिवे मंदावतात आणि दुसऱ्या फेजवरचे काही उलट प्रखर होतात. तसे दिसले तर विंडोची चर्चा सोडून वायरमनला बोलवावे, कारण मग प्रश्न घरातली उपकरणे जळण्याचा असतो.

सुकवणी

सर्वांचे आभार. मोजमापे करून आलो आहे.

आमच्याकडे एकच फेज आहे आणि सगळे दिवे सारखेच मंदावतात. तरीही वायरमनला दाखवले. जोड घट्ट आहेत, पण खांबापासून घरापर्यंतची तार लांब आणि बारीक आहे. हीटर बंद असताना २३२ व्होल्ट आणि चालू असताना २२४ व्होल्ट मिळतात. संध्याकाळी मात्र मुळातच २०० च्या आसपास असतात.

काकांनी सांगितलेली चाचणीही केली. आउटपुट ३५ चे ५० टक्के केल्यावर सेन्सर जवळजवळ ९० सेकंद हललाच नाही, मग सावकाश चढू लागला.

शून्यछेद

मग झोका सापडला. हीटरने केलेला बदल पीआयडीला ९० सेकंदांनी कळतो. तोवर तो आणखी उष्णता मागत राहतो, आणि कळते तेव्हा ती मागणी कपाटात येऊन पोचलेली असते. अशा साखळीचा नैसर्गिक झोका या उशिराच्या साधारण चौपट असतो, म्हणजे ६ मिनिटे. इंटिग्रल जास्त तीव्र ठेवला की तो आणखी लांबतो, आणि तुमची ८ मिनिटे यात बरोबर बसतात. ओली ताटे मध्ये असल्यामुळे हवेची उष्णता आधी ती शोषतात आणि मग सेन्सरला निरोप जातो.

सेन्सर हीटरच्या पुढे, पण ताटांच्या आधी लावा. हीटरला अगदी चिकटवू नका, तिथे हवा नीट मिसळलेली नसते. एक वीतभर अंतर ठेवा, आणि हीटरची धग सरळ दिसणार नाही असा पत्र्याचा आडोसा करा. उशीर कमी झाला की तोच पीआयडी शांत होईल, मात्र त्याचे आकडे नव्याने लावावे लागतील. आणखी एक लक्षात असू द्या. आता ५५ हे ताटांत शिरणाऱ्या हवेचे तापमान असेल, बाहेर पडणारी हवा त्याहून थंड असेल. त्यामुळे सेटपॉइंट पोळी पाहून पुन्हा ठरवावा लागेल.

संध्याकाळच्या २०० व्होल्टबद्दल सांगायचे तर विंडोच्या पद्धतीत आपण वेळ वाटतो, शक्ती वाटत नाही. हीटरची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाने बदलते, म्हणून २३० वरचे २००० वॉट २०० वर सुमारे १५१० उरतात. दुपारी ३५ टक्क्यांत जे भागते त्याला संध्याकाळी ४६ टक्के लागतील. पीआयडी ते भरून काढतो, पण व्होल्टेज अचानक पडले तर काही मिनिटे तापमान खाली जाऊन मग सावरते. औद्योगिक नियंत्रकांत व्होल्टेज मोजून ड्युटी लगेच वाढवण्याची सोय असते. तुमच्या कामाला तेवढ्याची गरज मला वाटत नाही.

वायरमन_सांगली

सगळे तापमानावर बोलत आहेत, म्हणून मी दुसऱ्या बाजूने विचारतो. एसएसआर बिघडला की बहुतेक वेळा चालू अवस्थेत अडकतो. मग प्रोग्रामने कितीही बंद म्हटले तरी हीटर चालूच राहतो. आमच्याकडे एका पापडाच्या कपाटात असेच झाले, ताटांचे प्लॅस्टिक वितळले तेव्हा कळले. सुकवणी, तुमच्या कपाटात प्रोग्रामवर अवलंबून नसलेली तोड आहे का? हीटरच्या वायरीत, हवेच्या मार्गावर, हाताने पुन्हा लावावा लागणारा थर्मल कटआउट पाहिजे. तो एसएसआरच्या इनपुटमध्ये लावून उपयोग नाही, कारण अडकलेला एसएसआर इनपुटचे ऐकत नाही. शिवाय पंखा बंद पडला तर हीटर बंद झाला पाहिजे.

एसएसआरला हीटसिंकही पाहिजेच. पूर्ण शक्तीवर पावणेनऊ अँपिअर जातात, त्याच्यावर सव्वा व्होल्टच्या आसपास पडतात, म्हणजे तो स्वतः १०-११ वॉट गरम होतो. वर ४० लिहिले आहे म्हणून तो नुसता लाकडी फळीवर स्क्रूने बसवलेला मी पाहिला आहे.

कोडकरी

यात एक अर्धा बिघाडही असतो, तो ओळखणे अवघड जाते. काही एसएसआरमध्ये उलटसुलट जोडलेले दोन थायरिस्टर असतात आणि त्यांपैकी एकच अडकतो. मग बंद सांगितले तरी हीटरला एका बाजूची अर्धी चक्रे मिळत राहतात, म्हणजे निम्मी शक्ती. ज्या कपाटाला ३५ टक्के पुरतात ते ५० टक्क्यांवर हळूहळू वर चढते, आणि आउटपुट शून्य असूनही तापमान का उतरत नाही हे कळत नाही. खूण हीच, की आउटपुट शून्य आणि तापमान चढते आहे.

सुकवणी

वायरमन दादा, थर्मल कटआउट नव्हता. ८५ अंशांचा मागवला आहे आणि तुम्ही म्हणता तसा हीटरच्या वायरीतच बसवणार आहे. हीटसिंक आहे, हाताला कोमट लागतो.

वायरमन_सांगली

हात लावण्याआधी मेन बंद करत चला. एसएसआर बंद असतानाही त्यातून थोडा करंट झिरपतो, आणि हीटरच्या टोकाला टेस्टर लावला तर तो पेटतो. एसएसआर बंद म्हणजे वीज बंद असे कधीही धरू नये.

नेकारकाठची

२३२ वरून २२४ म्हणजे साडेतीन टक्के. दर ५ सेकंदांनी दोनदा एवढा फरक झाला तर तो कोणालाही दिसणार, तुमच्या घरच्यांची तक्रार रास्त आहे. ही घट तारेची आहे, तिच्यावर विंडोचा काही परिणाम नाही. विंडोने फक्त ती किती वेळा होते हे बदलते. घट लहान करायची असेल तर एका वेळी लागणारा भार लहान करावा लागेल, आणि तुमच्याकडे १००० वॉटचे दोन वेगळे हीटर आधीच आहेत. प्रत्येकाला स्वतंत्र एसएसआर द्या आणि दुसऱ्याची विंडो पहिल्याच्या मध्यावर सुरू करा. ३५ टक्क्यांवर दोन्ही कधीच एकत्र लागणार नाहीत आणि घट ८ ऐवजी ४ व्होल्टची होईल.

शून्यछेद

ताई, दोन एसएसआर ठीक, पण मी विंडो अशा सरकवणार नाही. तुमच्या पद्धतीत प्रत्येक विंडोत चार वेळा चढउतार होतो. त्याऐवजी पहिला हीटर आधी वापरावा. एकूण ३५ टक्के हवे असतील तर पहिला ७० टक्के चालवा आणि दुसरा बंद ठेवा. एकूण ७० हवे असतील तर पहिला अखंड चालू आणि दुसरा ४० टक्के. घट तेवढीच, ४ व्होल्टची, पण विंडोत दोनदाच होते.

नेकारकाठची

चढउतारांची संख्या कमी होते हे मान्य. पण मग पहिला हीटर सतत काम करतो आणि दुसरा हंगामभर जवळजवळ बसून राहतो. शिवाय फिनवाले हीटर शेजारी शेजारी असतील तर हवेचा एक पट्टा गरम आणि एक थंड राहील, आणि सुकवणीला ते परवडणार नाही. मला समान वाटणीच बरी वाटते.

शून्यछेद

पट्ट्याचा मुद्दा हीटर कसे बसवले आहेत त्यावर ठरेल. एकामागे एक असतील तर तो उरत नाही. झिजेसाठी दर दिवशी पहिला-दुसरा अदलाबदल करता येतो.

टकाटक

हीटर, एसएसआर, विंडो सगळे बदलण्यापेक्षा दिवा बदला! गंमत बाजूला ठेवून सांगतो, स्वस्त एलईडी बल्बांत चांगला ड्रायव्हर नसतो, म्हणून ते व्होल्टेजबरोबर नाचतात. स्थिर करंटचा ड्रायव्हर असलेला बल्ब २०० वरही तेवढाच उजेड देतो. ८० रुपयांचा नाही, थोडा महाग बल्ब आणा.

नेकारकाठची

हे मात्र टकाटक अगदी बरोबर बोलले. त्याने घट जात नाही, पण त्रास जातो.

सुकवणी

सेन्सर हलवल्यानंतरची हकीकत लिहितो. उशीर ९० सेकंदांवरून सुमारे २० वर आला. पीआयडीचे आकडे नव्याने लावले. आठ मिनिटांचा झोका पूर्णपणे गेला. पण आता तापमान दर ५ सेकंदांनी किंचित वरखाली होताना दिसते, साधारण ०.३ अंश. हे पूर्वी नव्हते. विंडो निर्दोष आहे असे काका म्हणाले होते, म्हणून विचारतो.

शून्यछेद

पूर्वी निर्दोष होती, आता परिस्थिती बदलली. आधी सेन्सर आणि हीटर यांच्यामध्ये ओल्या ताटांचे वजन होते आणि ते सगळ्या लहरी गिळत होते. आता सेन्सरसमोर फक्त हीटरच्या नळ्यांचे वजन आहे, आणि ते फारच कमी आहे. तोच हिशेब पुन्हा करा, मात्र वेग संपूर्ण कपाटाचा न घेता हीटरमधून निघणाऱ्या हवेचा घ्या. पूर्ण शक्तीवर हवा २० अंशांनी तापते आणि नळ्यांना तापायला मिनिटभर लागते असे धरले, तर वेग सेकंदाला ०.३३ अंश होतो. त्याला ५, ०.३५ आणि ०.६५ ने गुणले की ०.३८ येते. तुमचे ०.३ याच्या जवळ आहे.

पोळीला ही लहर कळणार नाही, ताटांचे वजन ती गिळतेच. पण पीआयडीतला डेरिव्हेटिव्ह तिच्यामागे धावू लागतो आणि आउटपुट थरथरते. विंडो २ सेकंदांची केली तर लहर ०.१५ वर येईल. २ सेकंदांत अर्धी चक्रे २०० बसतात, म्हणजे पायरी अर्ध्या टक्क्याची, आणि ती पुरेशी बारीक आहे. तापमानाच्या बाजूने माझे उत्तर २ सेकंद.

कोडकरी

त्याच वेळी आणखी एक बदल करावा. लायब्ररीच्या उदाहरणात चालू राहण्याची वेळ विंडोच्या मध्येही बदलू शकते. हीटर बंद झाल्यावर पीआयडीने आउटपुट वाढवले तर तो त्याच विंडोत पुन्हा लागतो. ही वेळ विंडोच्या सुरुवातीलाच एकदा घ्यावी आणि २० मिलिसेकंदांच्या पटीत करावी, म्हणजे पूर्ण चक्रे मिळतील.

```
if (millis() - windowStart >= 2000UL) {
  windowStart += 2000UL;
  onTime = 20UL * (unsigned long)(Output / 20.0 + 0.5);
}
digitalWrite(SSR_PIN, (millis() - windowStart) < onTime);
```

`windowStart` आणि `onTime` दोन्ही `unsigned long` ठेवावेत, आणि `SetOutputLimits(0, 2000)` करायला विसरू नये. घड्याळ विजेच्या चक्राशी बांधलेले नसल्यामुळे एखाद्या अर्ध्या चक्राचा फरक पडू शकतो, पण हीटरला त्याने काही होत नाही. हाच एसएसआर कोणी ट्रान्सफॉर्मरवर लावणार असेल तर मात्र त्या अर्ध्या चक्राची काळजी करावी लागेल.

भट्टीवाला

पूर्ण चक्रांचा आग्रह हीटरसाठी मला जास्तच वाटतो, पण तोटाही नाही. मी असतो तर डेरिव्हेटिव्ह शून्य केला असता आणि विंडो ५ च ठेवली असती. आमच्या भट्टीत डेरिव्हेटिव्ह कधीच वापरलेला नाही.

शून्यछेद

भट्टीवाले, तुमच्या भट्टीचे वजन टनांत आहे, तिला घाई नाही. इथे ओली ताटे मध्येच बदलली की तापमान पटकन पडते, तेव्हा थोडा डेरिव्हेटिव्ह उपयोगी पडतो. पण लहरीमुळे तो त्रास देत असेल तर काढून पाहण्यात काहीच गैर नाही.

सुकवणी

२ सेकंदांची विंडो आणि कोडकरींचा बदल दोन्ही केले. थरथर जवळजवळ गेली आणि पोळीच्या कडा आता मऊ राहतात, सेटपॉइंट मात्र ५८ करावा लागला. दिवे आता दर २ सेकंदांनी मंदावतात, आणि घरच्यांच्या मते हे ५ सेकंदांपेक्षा वाईट आहे. टकाटकांचा बल्ब फक्त बसायच्या खोलीत लावला, तिथे फरक कळत नाही. स्वयंपाकघरात अजून जुनाच आहे.

दुसरा एसएसआर मागवला आहे. हीटर हवेच्या दिशेने एकामागे एक आहेत, शेजारी नाहीत. आता काकांच्या पद्धतीने आधी पहिला चालवावा की ताईंच्या पद्धतीने विंडो सरकवावी, हे ठरत नाही. पुढचा हीटर मागच्याच्या गरम हवेत असतो, त्याने काही फरक पडतो का?

नेकारकाठची

एकामागे एक असतील तर पट्ट्याचा माझा आक्षेप मागे घेते. पण पुढच्या हीटरला आधीच तापलेली हवा मिळते, म्हणजे त्याची नळी जास्त तापते. पहिला म्हणून कोणता निवडायचा हे त्यावरून ठरवा, मागचा, म्हणजे थंड हवेतला, पहिला असावा. कटआउटही पुढच्या हीटरनंतर बसवा.

शून्यछेद

सहमत. आणि संध्याकाळी २०० व्होल्ट असताना दोन्ही पद्धती आळीपाळीने तासतासभर चालवून घरच्यांनाच विचारा. दिव्यांच्या बाबतीत माझा हिशेब आणि ताईंचा हिशेब वेगळे निघत आहेत, आणि तुमच्या तारेवर कोणता खरा ठरतो ते इथे बसून सांगता येणार नाही.

आजोबा_नागाव

पोळी तयार झाली की थोडी नागावला पाठवा. न्यूट्रल मात्र दर वर्षी पावसाळ्याआधी तपासून घ्या.